डावा हात गाडी, उजवा हात स्कूटर

नागपुरात धरमपेठेत वेस्ट हायकोर्ट रोडवर झालेला एक अपघात दादांनी मला सांकेतिक भाषेत, हातांनी सांगितला आणि मी तो कॅमेऱ्यावर घेतला. रस्त्याच्या डाव्या कडेला कार उभी होती. चालकाने मागे न बघता दार उघडलं, मागून येणारी स्कूटर दारावर आदळली आणि स्कूटरवाला उडून पुढे पडला. दादांना हे सांगायला अर्धं मिनिटही लागलं नाही. ते अर्धं मिनिट फ्रेमगणिक कागदावर उतरवायचं काम मी एम. ए. भाषाशास्त्राच्या प्रबंधिकेसाठी घेतलं होतं.

दादा जन्मापासून बधिर आहेत, इतवारीत एका छापखान्यात काम करतात. वहिनीही बधिर. त्यांच्याकडे जाऊन मी सांकेतिक भाषा शिकत होते, म्हणून चित्रीकरणही त्यांच्याच बैठकीत झालं. त्याची पूर्वतयारी आवाजाच्या रेकॉर्डिंगपेक्षा वेगळी असते. पंख्याचा आवाज, रस्त्यावरचे हॉर्न, काही अडत नाही. पण खिडकी पाठीमागे आली की हात काळे दिसतात, चौकड्याच्या शर्टावर बोटं हरवतात आणि चौकट छातीवर कापली तर कमरेजवळच्या खुणा बाहेर राहतात. डोक्याच्या वर वीतभर जागा, खाली कमरेपर्यंत, दोन्ही कोपरं आत, असा कॅमेरा लावला. सेकंदाला 50 फ्रेम घेतल्या, म्हणजे दर फ्रेमला 20 मिलिसेकंद. 25 फ्रेमवर झटक्याच्या हालचालीत बोटांचा नुसता धूसर पट्टा दिसतो आणि बोटं किती उघडी होती ते कळत नाही.

लिहिण्यासाठी एलान नावाचं मोफत सॉफ्टवेअर वापरलं. नेदरलंड्समधल्या मॅक्स प्लांक संस्थेत ते तयार झालं आहे. वर व्हिडिओ दिसतो, खाली काळाची आडवी पट्टी आणि तिच्याखाली आपल्याला हव्या तेवढ्या ओळी. मी उजव्या हाताची एक, डाव्या हाताची एक, चेहरा आणि नजरेची एक अशा ओळी केल्या आणि शेवटची ओळ अर्थासाठी ठेवली. उजवा-डावा नेहमी बोलणाऱ्याचा धरायचा, पडद्यावरचा नाही. दादांचा डावा हात पडद्यावर उजवीकडे दिसतो, त्यामुळे सुरुवातीला प्रत्येक ओळीला मनात आरसा फिरवावा लागतो.

मराठीत 'कर' म्हणताना क, अ, र एकामागून एक येतात. खुणेचे घटक असे रांगेत उभे राहत नाहीत. हाताचा आकार हवेत कुठेतरी असतोच, म्हणजे स्थान आलंच. तो हलतो किंवा थांबतो, म्हणजे हालचाल आलीच. तिन्ही एकाच क्षणी. विल्यम स्टोकी वॉशिंग्टनमध्ये बधिरांसाठीच्या गॅलोडेट कॉलेजात इंग्रजी शिकवायला आले होते. त्यांनी 1960 मध्ये दाखवून दिलं की अमेरिकन सांकेतिक भाषेतली खूण म्हणजे अखंड चित्र नसून ती हस्ताकार, स्थान आणि हालचाल या मोजक्या घटकांच्या जुळणीने बनते. पुढे तळव्याची दिशाही धरली गेली. त्या भाषेतलं नेहमी दिलं जाणारं उदाहरण असं: तर्जनी वाकवत चेहऱ्यासमोरून आडवी न्यायची. कपाळाशी नेली तर उन्हाळा, नाकाशी नेली तर कुरूप, हनुवटीशी नेली तर कोरडं. आकार तोच, हालचाल तीच, जागा बदलली की शब्द बदलला.

दादांच्या क्लिपमध्ये मला अशी जोडी पहिल्या चार सेकंदांतच मिळाली. आधी ते 'कार' करतात: दोन्ही मुठी छातीसमोर, स्टिअरिंग धरल्यासारख्या, एक वर गेली की दुसरी खाली. थोड्या वेळाने 'स्कूटर' येते: दोन्ही मुठी पुन्हा छातीसमोर, पण आता उजवं मनगट अॅक्सिलरेटर पिळल्यासारखं फिरतं. हस्ताकार तोच, स्थान जवळपास तेच. भेद मुख्यतः हालचालीने केला आहे. दोन्ही खुणा कशावरून आल्या हे उघड दिसतं, पण 'मूठ' या आकाराला इथे स्वतंत्र अर्थ नाही. 'कर' मधल्या क-ला जसा नसतो तसा.

दोन हातांच्या खुणांना आणखी एक बंधन असतं. ते रॉबिन बॅटिसन यांनी 1970 च्या दशकात मांडलं. दोन्ही हात हलत असतील तर दोघांचा आकार सारखा हवा आणि हालचालही सारखी किंवा आळीपाळीची हवी. आकार वेगळे असतील तर एक हात स्थिर राहतो आणि त्या स्थिर हाताचा आकार मूठ, सपाट पंजा, तर्जनी अशा थोड्या सोप्या आकारांपैकीच असतो. 'कार'मध्ये दोन्ही हलतात, म्हणून दोन्ही मुठी. हे बंधन आत्ताच नीट सांगितलं, कारण याच क्लिपमध्ये दादा ते मोडतात, आणि ते मोडणंही व्याकरणातच बसतं.

'कार' करून झाल्यावर दादांचा डावा हात सपाट झाला, तळवा खाली, बोटं पुढे, आणि छातीच्या डावीकडे येऊन थांबला. इथून तो हात म्हणजे ती कार. मग 'स्कूटर'ची खूण झाली. त्यासाठी डावा हात क्षणभर निघाला आणि परत तिथेच, त्याच उंचीवर जाऊन बसला. उजवा हातही आता सपाट झाला, पण उभा, अंगठा वर आणि करंगळी खाली. तो शरीराजवळून निघून डाव्या हाताच्या उजव्या बाजूने पुढे सरकू लागला. ही झाली स्कूटर. अशा रचनेला वर्गक रचना म्हणतात. हस्ताकार वस्तूचा वर्ग सांगतो, स्थान तिची जागा सांगतं, हालचाल तिची हालचाल सांगते. मघाशी ज्या घटकांना स्वतःचा अर्थ नव्हता, तेच घटक आता एकेक अर्थ घेऊन आले. तळवा खाली की बाजूला, एवढ्यावर चारचाकी आणि दुचाकी वेगळ्या झाल्या.

तर्जनीत हे आणखी स्वच्छ दिसतं. आपल्याकडे 'बाई' या खुणेत तर्जनी नाकपुडीच्या बाजूला टेकते, नथीच्या जागी. तिथे तर्जनी हा खुणेचा नुसता एक तुकडा आहे. पण तीच तर्जनी समोर मोकळ्या जागेत उभी धरून पुढे सरकवली की ती चालत जाणारी व्यक्ती होते. बोट तेच, व्याकरणातलं काम वेगळं.

वर्गकाआधी नाव यावंच लागतं. नुसता सपाट हात बघून ती कार की ट्रक की टेबल हे कळत नाही. आणि स्थिर, मोठी वस्तू आधी मांडायची, हलणारी नंतर, हा क्रम दादांनी सहज पाळला. ऐकू येणारे शिकाऊ इथे हमखास मराठीच्या वाटेने जातात. 'स्कूटर कारला धडकली' यात स्कूटर आधी येते, म्हणून हातांनीही ती आधी काढतात, आणि मग ती कशाच्या संदर्भात हलते आहे हे समोरच्याला कळायला आधारच उरत नाही. वहिनी अशा वेळी काही न बोलता डावा हात धरून आधी जागेवर ठेवतात.

एलानच्या पडद्यावर हा भाग बघण्यासारखा आहे. डाव्या हाताच्या ओळीत एक लांब पट्टी: 'कार, स्थिर'. तिच्या वरच्या ओळीत उजव्या हाताच्या छोट्या-छोट्या पट्ट्या: स्कूटर येते, थोडी डावीकडे झुकते, वेग घेते. उर्सुला बेलुगी आणि सुझन फिशर यांनी 1972 मध्ये इंग्रजी आणि अमेरिकन सांकेतिक भाषा अशा दोन्ही भाषा येणाऱ्या लोकांकडून एकच गोष्ट दोन्हीत सांगून घेतली. ठरावीक वेळात खुणा बोललेल्या शब्दांच्या साधारण निम्म्याच होत होत्या, पण विधानं जवळपास तेवढीच पोचत होती. ती विधानं कुठे मावतात हे या लांब पट्टीवरच्या छोट्या पट्ट्या पाहून समजतं.

पट्टी कुठून कुठपर्यंत ओढायची, यात सर्वांत जास्त वेळ गेला. हात एका खुणेतून दुसरीकडे जाताना मधला प्रवास करतो, तो कोणत्याच खुणेचा नसतो. मी नियम असा ठेवला की नवा आकार पूर्ण बनला आणि हात सुरुवातीच्या जागी पोचला, त्या फ्रेमपासून खूण सुरू. आकार सुटू लागला की संपली. नेहमीच्या खुणांना हा नियम चालतो. वर्गक रचनेत मात्र प्रवास हाच अर्थ असतो, त्यामुळे हाताचा कोणता प्रवास स्कूटरचा आणि कोणता नुसता हात जागेवर नेण्याचा, हे वेगळं काढावं लागतं. नजर इथे उपयोगी पडली. स्कूटर चालू असताना दादांची नजर हातावर असते, हात नुसता जागा बदलत असला की ती माझ्याकडे येते.

मग दार. माझ्या मते क्लिपमधली सगळ्यात सुंदर जागा हीच. दार खुणेत छोटं करून दाखवायचं तर उजवा हात डाव्या हाताच्या अंगठ्याकडच्या कडेला उभा टेकवायचा आणि उघडायचा. पण कारच्या दाराची बिजागरी पुढे असते आणि हाताची बिजागरी मनगटात, म्हणजे मागे. मी दादांना तसं करून दाखवायला सांगितलं. बोटांची टोकं बाहेर उघडली तेव्हा त्यांनी स्वतःच मान हलवली आणि व्हॉट्सअॅपवर लिहिलं, ‘असं केलं तर कारचं तोंड मागे होतं.’ टोकं जागेवर ठेवून मनगट बाहेर काढता येतं, पण कोपर उचलून फिरवावं लागतं. ते ओढाताणीचं दिसतं आणि स्कूटरसाठी हातही उरत नाही.

क्लिपमध्ये त्यांनी वेगळीच वाट काढली होती. ते स्वतः चालक झाले. खांदे किंचित आखडले, नजर खाली, उजव्या हाताने दाराचं हँडल पकडलं आणि उजवीकडे ढकललं. इथे हाताचा आकार वस्तूचा राहत नाही, वस्तू धरणाऱ्या हाताचा होतो. हा वर्गकांचा दुसरा प्रकार, आणि त्यात माप खऱ्याएवढं असतं. एका क्षणापूर्वी कार पंजाएवढी होती, आता माणूस तिच्यात बसला आहे. गंमत म्हणजे डावा हात अजूनही सपाट, छातीच्या डावीकडे तसाच होता. चिमुकली कार आणि त्याच कारच्या आतला पूर्ण आकाराचा चालक, दोन्ही एकाच फ्रेममध्ये. एकाच ओळीचा तक्ता असता तर हे लिहिताच आलं नसतं.

ढकलून झाल्यावर डाव्या हाताने कारपण सोडलं. तो तिथेच वळला, तळवा छातीकडे, बोटं उजवीकडे, आणि उघडलेलं दार झाला. आकार सपाट तो सपाटच, फक्त तळव्याची दिशा बदलली आणि वस्तू बदलली. कार आता कोणत्याच हातात नव्हती, तरी ती तिथे होती. त्यानंतर दादांनी कारकडे दोनदा बोट दाखवलं, दोन्ही वेळा त्याच रिकाम्या जागेकडे. उजव्या हाताची स्कूटर पुढे आली आणि बोटांची टोकं डाव्या तळव्यावर आपटली आणि तिथेच थांबली.

हाच क्षण त्यांनी लगेच पुन्हा, जवळून सांगितला. डावा हात आता स्कूटर, उभा सपाट. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट खाली करून त्यांनी डाव्या हाताच्या वरच्या कडेवर दोन्ही बाजूंना टाकलं: स्कूटरवर बसलेला माणूस, दोन पाय. मग धडक. डावा हात बाजूला कलंडून आडवा झाला, आणि त्याच वेळी उजवा हात कमानीत पुढे उडाला, हवेत उलटा फिरला आणि बोटं वर करून पडला. साधारण 20 फ्रेम, म्हणजे 0.4 सेकंद. त्या वीस फ्रेममध्ये दोन्ही हात हलताहेत, दोघांचे आकार वेगळे, दोघांच्या दिशा वेगळ्या. बॅटिसन यांच्या नियमाने असा शब्द असूच शकत नाही, आणि कोशातल्या नेहमीच्या खुणांमध्ये तो सापडत नाहीच. वर्गक रचनेत चालतो, कारण तिथे प्रत्येक हात स्वतंत्र वस्तू आहे आणि आपापलं वाक्य सांगतो आहे.

माझ्या मार्गदर्शक बाईंनी तक्ता बघून एक नेमका प्रश्न विचारला: स्कूटर आणि कारमधलं अंतर मी 'जवळ' असं लिहिलं होतं, तर 'जवळ' हा या भाषेतला ठरलेला एकक आहे का? यावर जुना वाद आहे. टेड सुपाला, जे स्वतः बधिर भाषाशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी 1982 च्या प्रबंधात वर्गक रचनेतली हालचाल आणि स्थानसुद्धा मोजक्या ठरलेल्या तुकड्यांची बनलेली असते असं मांडलं. स्कॉट लिडेल यांचं म्हणणं की हस्ताकार ठरलेला असतो, पण जागेला असे तुकडे नसतात. तिथे भाषेत हावभाव मिसळलेला असतो.

म्हणून दादा आणि वहिनींबरोबर एक साधा प्रयोग केला. दादांनी कार तीच ठेवून स्कूटर वेगवेगळ्या अंतरांवरून नेली, वीतभर, चार बोटं, दोन बोटं, अगदी चाटून. वहिनींनी आतल्या खोलीत क्लिप बघून कागदावर दोन रेघा काढायच्या: कार इथे, स्कूटर तिथे. त्यांच्या रेघा हाताच्या अंतराबरोबर थोड्या-थोड्या सरकत गेल्या. कुठेही पायरी नव्हती, 'जवळ' संपून 'लांब' सुरू झालं अशी जागा नव्हती. मग हस्ताकार बदलत गेलो. बोटं जरा फाकवली, अंगठा आत घेतला, पंजा किंचित वाकवला: वहिनींसाठी स्कूटर ती स्कूटरच. बाकीची बोटं मिटून एकटी तर्जनी उभी राहिली, की त्यांनी लगेच लिहिलं, ‘माणूस चालला’. मधलं काहीच नाही. दोन माणसांवर केलेला हा प्रयोग काही सिद्ध करत नाही, पण अमेरिकन सांकेतिक भाषेवर कॅरेन एमरी आणि मेलिसा हर्झिग यांनी 2003 मध्ये जे छापलं, त्यातही बधिर व्यक्तींनी जागा अशाच सलग वाचल्या होत्या.

त्यानंतर मी तक्ता बदलला. हस्ताकारासाठी आता बंद यादी आहे, त्यातलंच एक निवडायचं: सपाट, मूठ, तर्जनी, दोन पाय, पकड. तळव्याच्या दिशेसाठीही यादी आहे. स्थानाच्या रकान्यात शब्द लिहायचं सोडलं. तिथे दोन हातांमधलं अंतर दादांच्या तळव्याच्या रुंदीच्या पटीत येतं: अर्धा तळवा, दीड तळवा. कॅमेरा समोरून असल्याने पुढे-मागे असलेलं अंतर त्यात नीट पकडता येत नाही. धडकेच्या वेळी स्कूटर दारापासून किती मागे होती हे माझ्या क्लिपवरून सांगता येत नाही. त्यासाठी बाजूने दुसरा कॅमेरा हवा.

वहिनींनी नंतर हाच अपघात आपल्या हातांनी सांगितला. हस्ताकार सगळे तेच आले. चालकाच्या जागी त्या गेल्या तेव्हा डावा हात मात्र त्यांनी खाली सोडला आणि कार पुन्हा मांडून मग पुढे गेल्या. मी दादांना विचारलं की तुमचा हात का राहिला होता. त्यांनी क्लिप पुन्हा लावली, त्या फ्रेमवर थांबवली आणि दाखवलं: हात राहिला म्हणून स्कूटर थांबली नाही, दार उघडत असताना ती येतच होती. वहिनींच्या सांगण्यात आधी दार उघडतं, मग स्कूटर येते. दोन्ही क्लिपच्या तक्त्यांत हा फरक डाव्या हाताच्या ओळीत दिसतो, एका ठिकाणी सलग पट्टी, दुसऱ्या ठिकाणी मधे मोकळी जागा.